तिसरं बिल काही नवं सांगतं का?

फळांची चित्रं, तीन ओळी, खाली प्रश्नचिन्ह आणि वर ठळक अक्षरांत ‘९९ टक्के लोकांना जमत नाही’. असं कोडं व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला फिरतं. ते ९९ टक्के कुणी मोजले, हे कुणी विचारत नाही. पण अशा कोड्यांमागे एक समजूत दडलेली असते आणि ती दहावीनंतरही टिकून राहते: अज्ञात तीन असतील आणि समीकरणंही तीन असतील, तर उत्तर मिळणारच आणि ते एकच असणार. ही समजूत चुकीची आहे.

समजा, दादर स्टेशनबाहेरच्या एका गाडीवर वडापाव x रुपये, भजीची प्लेट y रुपये आणि कटिंग z रुपये आहे. भाव माहीत नाहीत, फक्त तीन बिलं हातात आहेत. पहिल्यात प्रत्येकी एक नग आणि बेरीज ६०. दुसऱ्यात एक वडापाव, दोन प्लेट भजी, तीन कटिंग आणि बेरीज ११०. तिसऱ्यावर चहा सांडलाय. दोन वडापाव आणि तीन प्लेट भजी एवढं वाचता येतं, पण कटिंग किती आणि बेरीज किती ते पुसलं गेलंय. कटिंगच्या संख्येला k म्हणू आणि बेरजेला m.

```
 x +  y +  z = 60
 x + 2y + 3z = 110
2x + 3y + kz = m
```

k आणि m हे इथले प्राचल. प्रश्न असा, की त्यांच्या कोणत्या किमतींना भाव एकमेव ठरतात, कोणत्या किमतींना ठरतच नाहीत आणि कोणत्या किमतींना तिन्ही बिलं एकदम खरी असूच शकत नाहीत?

दुसऱ्या बिलातून पहिलं वजा केलं, की y + 2z = 50 उरतं. तिसऱ्यातून पहिल्याची दुप्पट वजा केली, की y + (k − 2)z = m − 120. आता या दोघांची वजाबाकी:

(k − 4)z = m − 170

सगळा निकाल या एका ओळीत आहे. k जर 4 नसेल, तर k − 4 ने बिनधास्त भागा. z मिळतो, त्यावरून y, मग x. उकल एकच. k = 4 झाला की डावी बाजू शून्य होते, z काहीही असो. मग उजवीकडे काय आहे ते पाहायचं. m = 170 असेल तर ओळ ‘0 = 0’ होते. ती खोटी नाही, पण काही सांगतही नाही, म्हणून उकली अनंत. m = 175 असेल तर ‘0 = 5’, म्हणजे उकल नाही.

कारण बिलातच दिसतं. पहिली दोन बिलं एकत्र केली, की दोन वडापाव, तीन प्लेट भजी, चार कटिंग आणि बेरीज १७०. k = 4 असताना तिसरं बिल म्हणजे या दोघांचीच बेरीज. त्यावर १७० लिहिलं असेल तर ते जुनीच गोष्ट पुन्हा सांगतंय, १७५ लिहिलं असेल तर कुठेतरी बेरीज चुकलीय. चार या आकड्यात स्वतःचं शुभ-अशुभ काही नाही. दुसऱ्या बिलात एक कटिंग वाढवली, तर तो आकडा पाच होतो.

अनंत उकली म्हणजे ‘काहीही चालेल’ असं मात्र नाही. z = t धरला, तर y = 50 − 2t आणि x = 10 + t. म्हणजे एक भाव ठरला की बाकीचे दोन आपोआप ठरले. त्यात भाव पूर्ण रुपयांत आणि शून्याहून जास्त हवेत अशी अट घातली, तर t फक्त १ ते २४. अनंताचे चोवीस झाले. उलट, k = 3 आणि m = 180 घेतलं तर उकल एकच मिळते, पण ती अशी: वडापाव फुकट, भजी ७० रुपये आणि कटिंग उणे दहा रुपये. गणिताच्या दृष्टीने ही उकल निर्दोष आहे. बिल तपासायला हवं, हे आपल्याला कळायला हवं.

हीच तपासणी निश्चयकाने करतात. इथे सहगुणकांचा निश्चयक D = k − 4, आणि D शून्य नसेल तर उकल एकमेव, इथवर क्रेमरचा १७५० सालचा नियम पक्का आहे. पुढचं पाठांतर घात करतं. ‘D, Dx, Dy, Dz सगळे शून्य, म्हणजे उकली अनंत’ हे तीन अज्ञातांना लागू पडत नाही. प्रत्येकी एक नग घेतलेली तीन बिलं घ्या, बेरजा ६०, ६५ आणि ७०. चारही निश्चयक शून्य येतात, कारण प्रत्येकात निदान दोन स्तंभ सारखे आहेत. उकल मात्र एकही नाही. भूमितीत ही तीन समांतर प्रतलं आहेत, आणि ती एकमेकांना भेटत नाहीत. म्हणून D शून्य आला की निश्चयक बाजूला ठेवून ओळींची वजाबाकीच करावी.

पण वजाबाकीतही एक सापळा आहे, आणि प्राचलाच्या गणितात सर्वाधिक चुका तिथेच होतात. प्राचल एकाहून जास्त ठिकाणी असलेली ही छोटी जोडी पाहा:

```
kx +  y = 1
 x + ky = 1
```

दुसऱ्या समीकरणाला k ने गुणून त्यातून पहिलं वजा केलं, तर (k² − 1)y = k − 1. दोन्हीकडे k − 1 दिसतो आणि हात शिवशिवतात. तो उडवला, की (k + 1)y = 1 उरतं, आणि आपण लिहून मोकळे होतो: k = −1 ला उकल नाही, बाकी सर्वत्र एकच. इथे k = 1 हरवला. त्या किमतीला दोन्ही समीकरणं x + y = 1 हीच आहेत, म्हणजे उकली अनंत. वाईट म्हणजे चूक लक्षातही येत नाही. k + 1 ने भागून आलेल्या x = y = 1/(k + 1) या सूत्रात k = 1 घातला तर अर्धा-अर्धा येतो आणि पडताळाही जुळतो. तो अनंतातला एक बिंदू असतो, आपल्याला वाटतं तोच एकमेव.

दुसरी चूक याच गणितात गुणताना होते. k ने गुणलं, पण k = 0 असेल तर? मग दुसरं समीकरण पुसलंच गेलं. उरलेल्या ओळी सांगतात y = 1 आणि −y = −1. x चा पत्ता नाही, त्यामुळे उकली अनंत असल्याचा भास होतो. मूळ समीकरणांत k = 0 ठेवा: y = 1, x = 1, उकल एकच.

प्राचल असलेल्या पदाने भागायचं किंवा संपूर्ण ओळ गुणायची असेल, तर ते पद शून्य करणारी k ची किंमत आधी समासात टिपून ठेवावी. वरच्या गणितात समासात −1, 0 आणि 1 जमतात. शेवटी या तीन किमती मूळ समीकरणांत ठेवायच्या, उरलेल्या ओळींत नव्हे: −1 ला उकल नाही, 0 ला एक, 1 ला अनंत. बाकी सर्व k ना x = y = 1/(k + 1). गुणण्याची पाळीच टाळायची असेल, तर x + ky = 1 ही ओळ वर घ्या आणि तिची k पट दुसरीतून वजा करा. त्यात कोणतीच ओळ नष्ट होत नाही, आणि समासातला 0 लिहावाच लागत नाही.