बारा गुणांनी घसरला तो ठीक, दहा गुणांनी घसरली तिची काळजी

सोलापुरात मे महिना सुरू झाला की चौकाचौकात शिकवण्यांचे फ्लेक्स लागतात. यंदा एका फ्लेक्सवर एका मुलाचा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सहामाहीत 24, वार्षिकला 41!’ तो वाचल्यापासून मला हा लेख लिहायचाच होता. कारण त्याच सुमारास पूर्व भागातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने नववीच्या चाळीस मुलांच्या गणिताच्या गुणांचा तक्ता माझ्यापुढे ठेवला होता. तिचा प्रश्न साधा होता. सहामाही ते वार्षिक या सहा महिन्यांत खरोखर कोण बदललं?

तिने आधी वजाबाकी केली होती, वार्षिकातून सहामाही. या यादीत घसरलेल्यांमध्ये वर्गातला हुशार मुलगा ठळकपणे दिसत होता, 92 वरून 80. घरचे म्हणत होते, पोराला दृष्ट लागली. मीठ-मोहरी ओवाळूनही झाली होती. शिक्षकांच्या खोलीत वेगळंच कारण चाललं होतं, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा. दोन्ही कारणं बाजूला ठेवून आम्ही आलेख काढला. आडव्या अक्षावर सहामाहीचे गुण, उभ्या अक्षावर वार्षिकचे. एका मुलाचा एक ठिपका. यालाच स्कॅटर प्लॉट म्हणतात.

ठिपके काढले की पहिला मोह होतो तो कोपऱ्यातून कोपऱ्यात, पंचेचाळीस अंशांची रेघ ओढायचा. रेघेवर असेल तो ‘जिथल्या तिथे’, वर असेल तो सुधारला, खाली असेल तो घसरला. वजाबाकी म्हणजे हीच रेघ. पण ती ओढल्यावर एक विचित्र गोष्ट दिसते. सहामाहीत फार कमी गुण असलेली बहुतेक मुलं रेघेच्या वर असतात आणि फार जास्त गुण असलेली बहुतेक खाली. जणू कच्ची मुलं सगळी सुधारली आणि हुशार सगळी बिघडली.

असं का होतं, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर कोडं वाटतं. परीक्षेतले गुण दोन गोष्टींनी बनतात. एक, मुलाला खरंच किती येतं. दोन, त्या दिवसाचा योग: नेमका पाठ केलेला प्रश्न आला, रात्री झोप झाली नाही, घाईत ऋण चिन्ह सुटलं. सहामाहीत 92 मिळवणारा हुशार असतोच, पण त्या दिवशी योगही त्याच्या बाजूने असण्याची शक्यता जास्त. नाहीतर इतक्या वर पोचणं अवघड. वार्षिकला त्याची हुशारी त्याच्याबरोबर येते, योग मात्र नव्याने पडतो. म्हणून तो थोडा सरासरीकडे सरकतो. 24 वाल्याचं याच्या उलट.

इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने 1886 साली हे उंचीच्या बाबतीत मांडलं. 205 आईवडिलांच्या जोड्या आणि त्यांची 928 मोठी झालेली मुलं. उंच आईवडिलांची मुलं उंच होती, पण सरासरीने पाहिलं तर आईवडिलांइतकी नाही. बुटक्यांची मुलं बुटकी, पण तितकी नाही. त्याने याला ‘रिग्रेशन’ म्हटलं, म्हणजे मागे परतणं.

हे खरंच कुणाच्या प्रयत्नाने किंवा दृष्टीने होत नाही, याचा पुरावा हवा असेल तर आलेख उलटा वाचा. वार्षिकला सगळ्यात वर असलेली पाच मुलं घ्या आणि मागे जाऊन त्यांची सहामाही बघा. तिथेही ती सरासरीच्या तितकी वर सापडत नाहीत. एप्रिलमध्ये लागलेली दृष्ट ऑक्टोबरच्या पेपरापर्यंत मागे जात नसते.

मग मोजायचं कशापासून? तिरक्या रेघेऐवजी ठिपक्यांच्या गर्दीतून जाणाऱ्या रेघेपासून. ही रेघ सांगते, सहामाहीत इतके गुण असलेल्या मुलाला या वर्गात, या पेपरात साधारण किती मिळायला हवेत. आमच्या वर्गाची सहामाहीची सरासरी 52 होती, वार्षिकची 56, आणि रेघ आली ती अशी: सहामाहीच्या गुणांना 0.75 ने गुणायचं आणि 17 मिळवायचे. वार्षिकचा पेपर सोपा निघाला किंवा गड्ड्यामुळे सगळाच वर्ग मागे पडला, तर पूर्ण रेघ वर-खाली होते. एकट्या मुलावर आळ येत नाही.

आता 92 वाल्याची अपेक्षा काढा. 69 अधिक 17, म्हणजे 86. मिळाले 80. बाकी उणे 6. फ्लेक्सवरचे आकडे याच वर्गात बसवून पाहिले, तर 24 ची अपेक्षा 35 येते. 41 म्हणजे बाकी अधिक 6. सतरा गुणांच्या त्या उडीतले अकरा गुण शिकवणीशिवायही अपेक्षितच होते.

पण सहा जास्त की कमी? त्यासाठी ठिपके रेघेभोवती साधारण किती पसरलेत ते मोजावं लागतं. या वर्गात तो पसारा 9 गुणांचा होता. दुप्पट, म्हणजे 18 गुणांच्या पलीकडे बाकी गेली तरच आम्ही ठिपका लाल केला. एक्सेलमध्ये सहामाही B रकान्यात आणि वार्षिक C रकान्यात असेल, तर बाकी आणि पसारा असे निघतात:

```
=C2-FORECAST(B2,C$2:C$41,B$2:B$41)
=STEYX(C$2:C$41,B$2:B$41)
```

लाल ठिपके तीन निघाले.

पहिला मुलगा 60 वरून 41. अपेक्षा 62, बाकी उणे 21. मैत्रिणीने गठ्ठ्यातून त्याची उत्तरपत्रिका काढली. मुखपृष्ठावर बेरीज होती 61. तक्त्यात भरताना 6 चा 4 झाला होता. लाल ठिपका दिसला की मुलाला बोलवायच्या आधी नोंद तपासावी. गैरहजर मुलापुढे शून्य भरलेलं असणं हीदेखील नेहमीची चूक. आकडा दुरुस्त केला की रेघ पुन्हा काढावी, कारण एक भरकटलेला ठिपका रेघेलाही आपल्याकडे थोडा ओढतो. आमची रेघ किंचित हलली, बाकीचे दोन लाल ठिपके लालच राहिले.

दुसरा मुलगा 44 वरून 70. अपेक्षा 50, बाकी अधिक 20. त्याच्याशी बोलूनही काही खास सापडलं नाही. चाळीस मुलांत निव्वळ योगायोगाने दोनेक ठिपके या हद्दीबाहेर पडणारच, त्यामुळे लाल ठिपक्याला कारण असलंच पाहिजे असं नाही.

तिसरी मुलगी 28 वरून 18. अपेक्षा 38, बाकी उणे 20. वजाबाकीच्या यादीत ती 92 वाल्या मुलाच्याही खाली होती, कारण दहाच गुण गेले होते आणि ‘ती कच्चीच आहे’ हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण जिथून बहुतेक मुलं वर येतात तिथून ती खाली गेली होती. मैत्रिणीने तिला मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारलं. आई जानेवारीपासून आजारी होती आणि घरी येणारं विडी वळायचं काम शाळेतून परतल्यावर हीच पुरं करत होती. वह्या उघडायला रात्र उरत नव्हती.

मैत्रीण आता तिला दहावीच्या आधी रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास शिकवणार आहे. पुढच्या सहामाहीत तिला 30 मिळाले, तर तेही मदतीचंच फळ म्हणता येणार नाही, कारण 18 वरून थोडं वर येणं रेघेतच लिहिलेलं असतं. म्हणून तेव्हाही पूर्ण वर्गाची नवी रेघ काढायची आणि तिचा ठिपका त्या रेघेच्या किती वर आहे ते बघायचं, असं आमचं ठरलं आहे.