लेसरमधले मोड: आरशांमधलं अंतर आणि गेनची रुंदी

१९५८ साली शॉलो आणि टाउन्स यांनी प्रकाशाच्या मेझरची, म्हणजे पुढे लेसर म्हटल्या गेलेल्या यंत्राची, कल्पना मांडली, तेव्हा मोडच्या, म्हणजे पोकळीत मावणाऱ्या स्थिर कंपनांच्या, संख्येचा प्रश्न समोर होताच. सूक्ष्मलहरींच्या मेझरला एका मोडपुरती बंद पेटी चालत होती, कारण पेटी आणि तरंगलांबी साधारण एकाच मापाची. प्रकाशाचं तसं नाही. एक घन सेंटीमीटरच्या बंद पेटीत नुसत्या लाल निऑन रेषेच्या रुंदीत सुमारे तीस कोटी मोड बसतात. एवढ्या गर्दीत ऊर्जा विखुरणारच. त्यांनी बाजूच्या भिंती काढून फक्त दोन समोरासमोरचे आरसे ठेवले. तिरके जाणारे मोड बाहेर निसटले आणि अक्षालगतचे उरले. माझ्या मते त्या लेखातली सर्वांत निर्णायक चाल हीच.

आरशांमधल्या L अंतरात अर्ध्या तरंगलांब्या पूर्ण संख्येने मावल्या पाहिजेत, म्हणून शेजारच्या दोन मोडमधलं वारंवारतेतलं अंतर c/2L येतं, इथे c म्हणजे प्रकाशाचा वेग. ३० सेंटीमीटरची हीलियम-निऑन नळी घ्या. ६३२.८ नॅनोमीटरच्या अशा अर्ध्या लांब्या त्यात साडेनऊ लाखांच्या आसपास बसतात, आणि मोड ५०० मेगाहर्ट्झच्या अंतराने उभे राहतात. मोडची ही शिडी दोन्हीकडे लांबवर जाते, पण लेसिंग होतं ते गेन, म्हणजे माध्यमातून जाताना प्रकाशाची होणारी वाढ, तोट्यापेक्षा जास्त असेल तिथेच. निऑनचे अणू वेगवेगळ्या वेगांनी धावत असल्यामुळे त्याची रेषा डॉप्लर परिणामाने सुमारे १५०० मेगाहर्ट्झ रुंद होते. शिखरावरचा गेन तोट्याच्या दुप्पट असेल, तर जवळपास ही सगळी रुंदी उंबरठ्याच्या वर राहते आणि साधारण तीन मोड पेटतात. आरसे मळले की तोटा वाढतो, उंबरठा वर सरकतो आणि कडेचे मोड आधी विझतात.

बेल लॅब्जमध्ये १९६० च्या डिसेंबरात जवान, बेनेट आणि हेरियट यांनी पहिला वायू लेसर चालवला. आरसे सुमारे एक मीटर अंतरावर होते, म्हणजे मोड १५० मेगाहर्ट्झच्या अंतराने. लवकरच प्रकाशसंवेदकावर मोडमधले ठोके, म्हणजे त्यांच्या वारंवारतांच्या फरकाची स्पंदनं, ऐकावेत तसे मोजता आले, आणि अनेक मोड एकाच वेळी चालू असल्याची खात्री पटली.

पण सर्वांत बलवान मोड बाकीच्यांना का मारत नाही? १९६२ मध्ये बेनेट यांनी याचं उत्तर दिलं. प्रत्येक मोड आपल्याला जुळणाऱ्या वेगांचेच अणू वापरतो, त्यामुळे गेनच्या वक्रात तेवढ्याच जागी खड्डा पडतो. शेजारच्या मोडचे अणू बहुतांशी शाबूत राहतात.

एकच मोड हवा असेल तर नळी साधारण १५ सेंटीमीटरची करतात. अंतर १००० मेगाहर्ट्झ होतं, तरी दोन मोड रेषेच्या दोन खांद्यांवर एकदम बसू शकतात. शिवाय नळी लहान म्हणून शक्तीही कमी. नळी तापत असताना मोडच्या वारंवारता वेगवेगळ्या दाखवणाऱ्या फॅब्री-पेरो स्कॅनरच्या पडद्यावर हे डोळ्यांनी दिसतं: मोडचे सुळके घंटेसारख्या वक्राखालून सरकत जातात, आणि लांबी ३१६ नॅनोमीटरने वाढली की आधीच्या सुळक्याच्या जागी पुढचा येऊन उभा राहतो.