पाडीची कांडी: कालवडीला भरायची की गाईला?

पाडीची कांडी म्हणजे मादी वासरू देणारे शुक्राणू वेगळे काढून भरलेली वीर्याची कांडी. नर-मादी शुक्राणू वेगळे करण्याची रीत १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळेत बसली. मादी वासरू देणाऱ्या शुक्राणूत डीएनए साधारण ३.८ टक्के जास्त असतो. रंग देऊन लेझरखाली तो फरक ओळखतात आणि शुक्राणू एकेक करून वेगळे काढतात.

सातारा-सांगलीत या कांडीची खरी गरज २०१५ नंतर वाढली. राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि एचएफ या विदेशी जातीच्या संकराच्या गोऱ्ह्याला गिऱ्हाईक उरलं नाही. खिलार खोंडाला शर्यतीमुळे भाव मिळतो. वशिंड नसलेल्या संकरित गोऱ्ह्याला औताला कोणी घेत नाही. पुढे सरकारी अनुदान आलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला देशी तंत्राचं उद्घाटन झालं. तोवर तंत्र परदेशी असल्यानं कांडी महाग पडत होती.

वाद आजही एकच आहे: ही कांडी कोणत्या जनावराला भरायची? साध्या कांडीत साधारण २ कोटी शुक्राणू असतात, हिच्यात बहुधा २० लाखच. त्यातही रंग, लेझर आणि यंत्रातला दाब सोसल्यानं ते गर्भाशयात कमी काळ टिकतात. म्हणून गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीच्या पाऊणपट ते चारपंचमांश इतकंच धरावं. ‘९० टक्के पाडी’ हा आकडा जन्मलेल्या वासरांचा आहे, भरलेल्या कांड्यांचा नाही. विक्रेते हा फरक सांगत नाहीत, आणि पुढची बहुतेक भांडणं त्यातूनच होतात.

हिशेबासाठी साधी कांडी भरणावळीसह १५० रुपये आणि ही ८०० रुपये धरू. २० कालवडींत साध्या कांडीनं ११ गाभण राहिल्या, तर पाड्या साडेपाच. हिच्यानं ९ राहिल्या, तर पाड्या आठ. जादा खर्च १३ हजार, म्हणजे प्रत्येक जादा पाडीला सुमारे पाच हजार. तेच २० दुभत्या गाईंत साध्या कांडीनं ७ आणि हिच्यानं साडेपाच गाभण राहतात. जादा पाडी नऊ हजारांच्या आसपास पडते. गाभण न राहता उलटलेल्या गाईचे २१ दिवस वाया जातात, ते वेगळेच.

म्हणून आमचं मत कालवडीच्या बाजूनं आहे. वजन २५० किलोच्या पुढे, माज नियमित, आणि कांडी पहिल्या किंवा दुसऱ्याच माजाला. पाडी गोऱ्ह्यापेक्षा लहान असते, त्यामुळे पहिलं वेत अडण्याचा धोकाही कमी होतो. शुक्राणू कमी टिकत असल्यानं भरायची वेळ थोडी पुढे ढकलावी: माज दिसल्यावर १२ तासांनी नव्हे, १६ ते २४ तासांत. कांडी ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात ३०-४५ सेकंद ठेवावी आणि लगेच भरावी. गोठ्यात बादलीतलं पाणी अंदाजानं घेतलं की तिथेच नुकसान होतं. वार अडकलेली, पू येणारी किंवा आधीच दोनदा उलटलेली गाय असेल, तर साधीच कांडी भरावी.