उत्तर आलं नाही म्हणजे ऑर्डर गेली नाही?

‘मी 200 शेअर मागितले, तुम्ही 400 घेतले.’ ब्रोकरला पाठवायच्या पत्राचा मित्राने केलेला मसुदा एवढाच होता, आणि भलताच तावातावाने लिहिलेला. मी म्हटलं, आधी तुझ्या ऑर्डर पाठवणाऱ्या स्क्रिप्टचा लॉग दाखव.

```
10:14:07.312 SEND    id=A-0417 BUY 200
10:14:12.312 TIMEOUT id=A-0417
10:14:12.330 SEND    id=A-0418 BUY 200
10:14:12.611 FILLED  id=A-0418
10:14:31.045 FILLED  id=A-0417
```

पाच सेकंद वाट पाहून स्क्रिप्टने हात टेकले आणि ऑर्डर पुन्हा पाठवली. पण टाइमआउटचा अर्थ फक्त ‘उत्तर आलं नाही’ एवढाच. ऑर्डर जाताना वाटेत हरवली असेल, किंवा पोचून पूर्ण झाली आणि परतीचा निरोप अडकला असेल. अलीकडच्या टोकाला बसलेल्याला या दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्याच दिसतात. संगणकशास्त्रात याला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणतात. निरोप हरवू शकणाऱ्या वाटेवरून कितीही पोच-पावत्या पाठवल्या, तरी दोघांची पूर्ण खात्री कधीच पटत नाही, हे 1970च्या दशकातच दाखवलं गेलं होतं.

खात्री मिळत नसेल, तर निदान पुन्हा पाठवणं निरुपद्रवी करता येतं. त्यासाठी प्रत्येक ऑर्डरला ग्राहकाने स्वतःचा क्रमांक द्यायचा. शेअर व्यवहारांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या FIX या संदेशपद्धतीत त्यासाठी `ClOrdID` नावाचा रकाना आहे. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की ब्रोकरची यंत्रणा ‘ही आधीच आली आहे’ म्हणून ती नाकारू शकते. ती फक्त क्रमांक पाहते, मनातला हेतू नाही. पाच सेकंदांत मुद्दाम दोनदा 200 शेअर घेणारेही असतातच.

आता लॉगची पहिली आणि तिसरी ओळ पाहा. A-0417, मग A-0418. नवा क्रमांक तयार करण्याची ओळ मित्राने पुन्हा-प्रयत्नाच्या फेऱ्याच्या आत लिहिली होती. दोन्हीकडे A-0417 असता, तर पत्राला धार आली असती. आता ‘तुम्ही दोनदा घेतले’ म्हणायला जागाच उरली नाही. मित्राचा चेहरा पडला.

मग स्थिती विचारून पाठवायला हवं होतं का? तेही पुरत नाही. पहिली ऑर्डर कुठे रांगेत अडकलेली असेल, तर ‘अशी ऑर्डर नाही’ असं उत्तर येईल आणि ती मागाहून पूर्ण होईल.

पत्र पाठवण्याआधी त्याने जादा 200 शेअर विकले. ते तसेच ठेवले असते, तर पुढची घसरण कुणाच्या माथी, हा आणखी एक वाद उभा राहिला असता. नव्या पत्रात आरोप काढून टाकला, लॉग जसाच्या तसा जोडला, घड्याळ कोणत्या वेळेवर लावलं आहे ते लिहिलं, आणि एकच मागणी ठेवली:

‘A-0417 तुमच्या सर्व्हरवर कधी पोचली, बाजारात कधी गेली आणि तिची पोच कधी पाठवली, या तीन वेळा तुमच्या नोंदींतून कळवाव्यात. ऑर्डर तुमच्याकडे थांबून राहिली असल्यास, त्या विलंबापुरतीच माझी तक्रार आहे.’