स्क्रीनशॉटमधली पोस्ट आम्ही कशी उतरवतो

आमच्याकडे स्क्रीनशॉट पाठवणाऱ्या ग्राहकांचा नेहमीचा प्रश्न असतो: "पोस्टमधले हॅशटॅग आणि मेन्शन तुम्ही मजकुरातून काढून टाकता का?" काही काढतो, काही ठेवतो. कोणते आणि का, ते एका नमुन्यावरून सांगतो. समजा, चित्रात असं दिसतंय:

```
नमुना कट्टा  @namuna_katta · 5h
आजची चर्चा #वाचन_सवय या
विषयावर झाली. सुरुवात @namuna_vachak
यांनी केली.
#पुस्तकं @namuna_mitra
💬 12   🔁   ♥ 1.2K
```

ही पोस्ट तुमच्या हाती अशी येते:

```
नाव: नमुना कट्टा
युजरनेम: @namuna_katta
वेळ: 5h
मजकूर: आजची चर्चा #वाचन_सवय या विषयावर झाली. सुरुवात @namuna_vachak यांनी केली.
मजकुरातले टॅग: #वाचन_सवय @namuna_vachak
शेवटचे टॅग: #पुस्तकं @namuna_mitra
प्रतिसाद: 12
रीपोस्ट:
लाईक: 1.2K
```

शेवटच्या ओळीतले टॅग उचलून बाजूला ठेवले तरी मजकुराचं काही बिघडत नाही. पण #वाचन_सवय काढलं तर "आजची चर्चा या विषयावर झाली" एवढंच उरतं आणि कोणता विषय ते कळत नाही. म्हणून वाक्यात गुंफलेला टॅग आम्ही जागच्या जागी ठेवतो आणि वेगळ्या रकान्यात पुन्हा लिहितो. तो दोनदा दिसला तर चूक समजू नका. टॅगांची मोजदाद करायची असेल तर फक्त टॅगांचे दोन रकाने मोजा, मजकुराचा नको. चित्रात ओळ जिथे मोडते ती केवळ स्क्रीनच्या रुंदीमुळे, त्यामुळे मजकूर सलग केलेला असतो. लिहिणाऱ्याने सोडलेला परिच्छेद मात्र तसाच राहतो.

सगळ्यात जास्त घोळ अंडरस्कोअरचा. देवनागरीत ती बारीक रेघ अक्षरांच्या तळाशी येते आणि चित्रातून मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर ती हमखास गाळतं. मग #वाचन_सवय चं "#वाचन सवय" होतं आणि हॅशटॅग पहिल्या शब्दापाशीच संपतो. अशा वेळी आम्ही रंग पाहतो. अ‍ॅप टॅगला वेगळा रंग देतं. दोन्ही शब्द रंगीत असतील तर मधे रेघ आहेच. फक्त पहिला रंगीत असेल तर लिहिणाऱ्यानेच जागा सोडली आहे. तीही आम्ही दुरुस्त करत नाही.

युजरनेमच्या मागे पूर्णविराम दिसला की तो नावाचा की वाक्याचा, हा प्रश्न येतो. एक्सवर नावात इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं, तेही १५ अक्षरांपर्यंत; तिथे टिंब वाक्याचंच. इन्स्टाग्रामवर नावाच्या मधे टिंब चालतं, शेवटी चालत नाही. छोटा l आणि मोठा I मात्र काही फॉन्टमध्ये हुबेहूब सारखे दिसतात. तिथे अंदाज न बांधता शेजारी "तपासा" असा शेरा देतो.

आकडे जसे दिसतात तसेच. 1.2K चे १२०० आम्ही करत नाही, कारण अ‍ॅपने आधीच आकडा ढोबळ करून दाखवलेला असतो आणि खरा आकडा चित्रात नसतो. वरच्या नमुन्यात रीपोस्टचा रकाना रिकामा आहे, तिथे शून्यही लिहीत नाही: आकडा नाही म्हणजे कुणी रीपोस्ट केलं नाही असंही असेल किंवा आकडा लपवलेलाही असेल. सॉफ्टवेअर कधीकधी प्रतिसादाच्या बुडबुड्यालाच शून्य समजून "012" वाचतं, म्हणून ही ओळ माणसाच्या नजरेखालून घालतोच. फेसबुकवर दोन-तीन इमोजींपुढे एकच आकडा असतो. तो सगळ्या प्रतिक्रियांचा मिळून असतो, तेव्हा त्यावरून नुसत्या 'हाहा' किती ते सांगता येत नाही. "5h" हीसुद्धा तारीख नव्हे. स्क्रीनशॉट कधी घेतला ते कळवलंत तर पोस्टची वेळ साधारण काढून देता येते.

पाठवताना चित्र कापू नका, 'आणखी पहा' दाबून पोस्ट पूर्ण उघडा, आणि मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवत असाल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान होतो आणि सर्वांत आधी अंडरस्कोअर पुसट होतो.

तयार फाइल एक्सेलमध्ये येते. त्यात स्वतः एखादं युजरनेम भरायचं झालं तर आधी त्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' आहे ना ते पाहा. नाहीतर @ ने सुरू होणारा मजकूर एक्सेल सूत्र समजतं आणि चूक दाखवून अडवतं.