स्लॉट वेगळा, हात वेगळा: हरतालिकेच्या मेंदीचं बुकिंग

हरतालिका जवळ आली की मेंदी काढणाऱ्या मुलींच्या स्टेटसला एक ओळ हमखास दिसते: "आदल्या दिवसाचे फक्त चार स्लॉट शिल्लक." वाचणारीला वाटतं, चौघींची सोय झाली. मग मेसेज येतो, "ताई, आम्ही पाच जणी आहोत, संध्याकाळचा एक स्लॉट ठेवा." घोळ इथेच सुरू होतो. स्लॉट म्हणजे मेंदी काढणारीचा वेळ. दर मात्र हातावर असतो, आणि तोही बहुतेक वेळा एका हाताच्या एका बाजूचा. तळहात ही एक बाजू, मागचा पंजा ही दुसरी.

एका स्लॉटमध्ये किती हात बसतील, हे डिझाइनवर ठरतं. अरेबिकमध्ये मनगटापासून बोटाकडे तिरकी जाणारी वेल असते, पानाफुलांच्या कडा जाड आणि मधली त्वचा मोकळी. सराईत हाताला एक बाजू पंधरा मिनिटांत होते. भरलेल्या, म्हणजे मारवाडी मेंदीत बारीक रेघांची जाळी, कोयऱ्या, मोर असं सगळं येतं आणि मोकळी जागा जवळपास राहतच नाही. मनगटापर्यंतच्या एका बाजूला चाळीस मिनिटं सहज जातात. दीड तासाचा स्लॉट धरला आणि एक उठून दुसरी बसेपर्यंतचा वेळही मोजला, तर अरेबिकच्या चार बाजू होतात आणि भरलेल्या फक्त दोन. "एक स्लॉट, चार हात" एवढंच लिहिणारी कॅप्शन म्हणूनच अपुरी आहे.

आता त्या पाच जणींचा हिशोब करू. सुनेला दोन्ही तळहात भरलेले हवेत: इथेच एक स्लॉट संपला. नणंदेला दोन्ही तळहातांवर अरेबिक, दोन मुलींना एकेका तळहातावर अरेबिक: दुसरा स्लॉट संपला. सासूबाईंना तळहाताच्या मधोमध गोल आणि बोटांची टोकं एवढंच हवंय, त्याला दहा मिनिटं वेगळी. म्हणजे मागितला एक स्लॉट, लागले दोन आणि वर थोडं. दर भरलेल्या बाजूला ४००, अरेबिकला १५० आणि सासूबाईंच्या साध्या मेंदीला १०० रुपये धरले, तर ८००, ६०० आणि १०० मिळून १५०० रुपये होतात.

घरी बोलावलं की हाच गोंधळ प्रवासखर्चात येतो. मेंदी काढणारी कोथरूडला आणि हे घर वाकडला, साधारण बारा किलोमीटरवर आहे असं समजा. पहिले पाच किलोमीटर मोफत आणि पुढे किलोमीटरला १५ रुपये ठेवले, तर जाऊन-येऊन चौदा किलोमीटरचे २१० रुपये. यातून पेट्रोल सुटतं. पण सणाच्या संध्याकाळी जायला तासभर आणि यायला तासभर लागला, तर जाण्यायेण्यात एका स्लॉटहून जास्त वेळ गेला, आणि तो या २१० रुपयांत नाही. त्यासाठीच घरच्या बुकिंगला किमान रक्कम ठेवतात. प्रवासखर्च अंतराचा, किमान रक्कम वेळेची. दोन्ही एकाच ओळीत कोंबले की ग्राहकाला दोनदा पैसे घेतल्यासारखं वाटतं. माझ्या मते तिची तक्रार रास्तच आहे, कारण कॅप्शनमध्ये तसं सांगितलेलंच नसतं.

मी कॅप्शन अशी लिहीन:

"हरतालिका मेंदी बुकिंग. आदल्या दिवशी दीड-दीड तासाचे ४ स्लॉट. एका स्लॉटमध्ये अरेबिकच्या ४ किंवा भरलेल्या २ बाजू. एका हाताची एक बाजू मनगटापर्यंत: अरेबिक १५०, भरलेली ४००, साधी १००. घरी यायचं असल्यास किमान १५०० रुपयांचं काम. प्रवासखर्च ५ किमीपर्यंत नाही, पुढे १५ रुपये प्रति किमी, जाऊन-येऊन. किती जणी, कुठलं डिझाइन, किती बाजू आणि तुमचा भाग कळवा. स्लॉट ॲडव्हान्स मिळाल्यावर पक्का. शेवटचा स्लॉट संध्याकाळी ७ वाजता."

शेवटची वेळ आवर्जून लिहावी. नैसर्गिक मेंदीला रंग धरायला सहा ते आठ तास हातावर राहू द्यावं लागतं, आणि सुकलेली मेंदी खरवडून टाकल्यावरही पुढचा दीड-दोन दिवस तो गडद होत जातो. स्लॉट लांबत जाऊन शेवटच्या बाईचा नंबर रात्री अकराला लागला, तर पहाटे पूजेच्या तयारीला उठून ती हात धुते आणि रंग नारिंगीवरच अडकतो. ती म्हणते कोन चांगला नव्हता. खरं तर तिच्या आधी कुणाकुणाच्या बाजू न सांगता वाढलेल्या असतात. आयत्या वेळी बाजू वाढवायची असेल, तर पुढच्या बाईला फोन करून विचारावं. ती थांबायला तयार नसेल, तर भरलेल्याऐवजी अरेबिक काढून वेळ सांभाळावी.