आलेखातील जाळी आणि रंगांची सूची काढण्याविषयी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ग्रामसभेसमोर मांडण्यासाठी किंवा पाणलोट समितीच्या अहवालाला जोडण्यासाठी आमच्याकडून आलेख छापून घेणाऱ्या ग्राहकांनी फाइल देण्यापूर्वी हे पत्रक वाचावे, अशी विनंती आहे.

वरूड-मोर्शीकडील संत्रा पट्ट्यातील एका गावाचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. सहा विहिरींची मे महिन्यातील पाणीपातळी २०१६ ते २०२४ या वर्षांसाठी एक्सेलमध्ये भरली आहे. पाच विहिरींत पाणी जमिनीपासून ८ ते १० मीटर खोलीवर टिकून आहे, तर शाळेजवळच्या विहिरीत ते ९ मीटरवरून १४ मीटरपर्यंत खोल गेले आहे. ग्रामसभेला दाखवायचे आहे ते एवढेच. परंतु एक्सेलच्या तयार आलेखात सहा रंगांच्या रेषा, त्यांच्यामागे आडव्या रेषांची जाळी आणि खाली रंगांची सूची येते, आणि वाचणाऱ्याची नजर रेषेवरून सूचीकडे व सूचीवरून रेषेकडे फिरत राहते. काळी-पांढरी झेरॉक्स काढल्यावर तर निळा, हिरवा आणि नारंगी हे रंग जवळजवळ सारखेच करडे उमटतात, आणि आमच्या अनुभवाने बहुतेक अहवालांची शेवटी झेरॉक्सच निघते.

म्हणून प्रथम जाळीच्या एका रेषेवर क्लिक करून `Delete` दाबावे. सर्व आडव्या रेषा एकदम जातात. पाच विहिरींच्या रेषांना फिकट करडा रंग द्यावा आणि शाळेजवळच्या विहिरीची रेषा जाड व काळी करावी. त्या रेषेवर एकदा आणि नंतर तिच्या शेवटच्या बिंदूवर पुन्हा क्लिक केल्यास तेवढाच बिंदू निवडला जातो. त्यावर उजवे क्लिक करून `Add Data Label` घ्यावे, आणि लेबलच्या पर्यायांत `Series Name` व `Value` या दोन्हींवर खूण करावी. जाळी गेल्यावर आकडा अंदाजाने वाचणे कठीण होते, म्हणून पहिल्या बिंदूवरही आकडा लिहावा. डावीकडचा अक्ष मात्र काढू नये. नाव रेषेशेजारी आल्यावरच सूची पुसावी. करड्या रेषांजवळ ‘इतर पाच विहिरी’ एवढे लिहिलेले पुरते. उजवीकडे नाव कापले जात असेल, तर आलेखाचा आतला चौकोन थोडा अरुंद करावा.

पाण्याच्या खोलीच्या आलेखात आणखी एक अडचण हमखास येते. खोलीचा आकडा वाढला की रेषा वर चढते आणि पाणी वाढल्याचा भास होतो. त्यासाठी डावीकडच्या अक्षाच्या `Format Axis` मध्ये `Values in reverse order` निवडावे. त्यामुळे वर्षे वरच्या बाजूला जातात, ती तेथेच राहिली तरी चालते.

ज्यांना मोटर किती खोल सोडायची हे ठरविण्यासाठी प्रत्येक वर्षाचा आणि प्रत्येक विहिरीचा आकडा हवा आहे, त्यांना असा आलेख उपयोगाचा नाही; त्यांच्यासाठी आम्ही वेगळा तक्ता छापून देतो. सहाही विहिरींची तुलना करायची असेल आणि रेषा शेवटी एकमेकींत गुंतत असतील, तर नावे एकावर एक चढतात, आणि अशा वेळी सूची ठेवणेच बरे.